थीटा पद्धत आणि साधे मानदंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विक्री, ऑर्डर आणि साठ्याचे अंदाज बांधणाऱ्या वाचकांकडून हे प्रश्न सतत येतात. बहुतेक पत्रं पुण्यातलीच असतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत नियोजन सांभाळणारे लोक असतात, मार्केट यार्डातले व्यापारी असतात आणि डेटा सायन्स शिकणारे विद्यार्थीही. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल असं ठेवलं आहे. जिथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. थीटा पद्धत म्हणजे नेमकं काय? गणित फार आहे का?

गणित शाळेतल्या सरळ रेषेइतकंच आहे. तुमच्याकडे महिन्यांची आकडेवारी आहे. तिच्यातून सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा काढायची. प्रत्यक्ष आकडे त्या रेषेच्या कधी वर, कधी खाली असतात. हे अंतर जितक्या पट करायचं तो गुणक म्हणजे थीटा. थीटा शून्य घेतला की सगळे चढउतार पुसले जातात आणि फक्त सरळ रेषा उरते. थीटा 2 घेतला की प्रत्येक चढउतार दुप्पट होतो. थीटा 1 म्हणजे मूळ आकडे.

मूळ पद्धतीत शून्य आणि 2 या दोनच रेषा वापरतात. शून्याची रेषा तशीच पुढे वाढवायची. दोनच्या रेषेवर सिंपल एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग (पुढे एसईएस) चालवायचं, म्हणजे ताज्या आकड्यांना जास्त आणि जुन्यांना कमी होत जाणारं वजन देऊन एक पातळी काढायची. मग दोन्ही अंदाजांची सरासरी घ्यायची. शून्याची रेषा लांब पल्ल्याचा कल सांगते, दोनची रेषा आत्ता गोष्टी कुठे आहेत ते सांगते. पूर्ण उदाहरण प्रश्न 3 मध्ये आहे.

2. एवढ्या साध्या पद्धतीची चर्चा का होते?

कारण ती उघड स्पर्धेत जिंकली. स्पायरॉस माक्रिदाकिस यांनी भरवलेल्या अंदाजपद्धतींच्या एम-स्पर्धांपैकी तिसऱ्या, एम-3 स्पर्धेचे निकाल 2000 साली प्रसिद्ध झाले. तिच्यात 3003 श्रेणी, म्हणजे काळाच्या क्रमाने नोंदलेल्या आकड्यांच्या मालिका, होत्या. मासिक श्रेणींसाठी 18 महिने पुढचा, तिमाही श्रेणींसाठी 8 तिमाहींचा आणि वार्षिक श्रेणींसाठी 6 वर्षांचा अंदाज द्यायचा होता. खरे आकडे आयोजकांकडे होते, स्पर्धकांना ते दिसत नव्हते. न्यूरल नेटवर्क, स्वयंचलित बॉक्स-जेनकिन्स, महागडी व्यावसायिक सॉफ्टवेअर असे सगळे प्रकार मैदानात होते. एकूण अचूकतेत अस्सिमाकोपुलोस आणि निकोलोपुलोस या ग्रीक संशोधकांची थीटा पद्धत पुढे राहिली, विशेषतः मासिक श्रेणींत.

स्पर्धेचं महत्त्व त्या न दिसणाऱ्या आकड्यांत आहे. जुन्या आकड्यांवर कुठलंही मॉडेल हवं तितकं चपखल बसवता येतं. पुढच्या 18 महिन्यांवर ते बसवता येत नाही.

3. एखादं उदाहरण हाताने सोडवून दाखवाल का?

भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपला सहा महिन्यांत मिळालेल्या ऑर्डर अशा आहेत असं धरू: 100, 104, 104, 110, 112, 115. हे आकडे समजण्यासाठी बनवले आहेत आणि त्यांत हंगाम नाही.

आधी सरळ रेषा. महिन्यांना 1 ते 6 क्रमांक दिले तर सर्वांत जवळची रेषा 97 + 3t अशी येते. म्हणजे दर महिन्याला 3 ऑर्डरचा चढ. रेषेवरचे आकडे 100, 103, 106, 109, 112, 115. प्रत्यक्षातले फरक 0, +1, −2, +1, 0, 0.

आता हे फरक दुप्पट करून रेषेत मिळवा. थीटा 2 ची मालिका येते 100, 105, 102, 111, 112, 115.

या मालिकेवर एसईएस. त्यातला अल्फा हा गुणक सॉफ्टवेअर आकड्यांवरून ठरवतं, हिशोब सोपा राहावा म्हणून इथे 0.5 घेऊ. म्हणजे नवी पातळी दर वेळी जुनी पातळी आणि नवा आकडा यांची निम्मी-निम्मी. 100 पासून सुरू केलं की पातळी अशी सरकते: 102.5, 102.25, 106.63, 109.31 आणि शेवटी 112.16. एसईएसचा अंदाज सपाट असतो, म्हणून सातव्या, आठव्या आणि नवव्या, तिन्ही महिन्यांसाठी 112.16.

सरळ रेषा मात्र 118, 121, 124 म्हणते. दोघींची सरासरी काढली की थीटाचा अंदाज मिळतो: 115.08, 116.58, 118.08.

रेषा महिन्याला 3 ने चढते, पण थीटाचा अंदाज 1.5 ने. पद्धतीचा सगळा स्वभाव या 1.5 मध्ये आहे, तो पुढच्या उत्तरात पाहू.

4. चढ अर्धाच का घ्यायचा? कल दिसतो आहे तर पूर्ण का नाही?

2003 साली रॉब हाइंडमन आणि बाकी बिल्ला यांनी दाखवून दिलं की मूळ थीटा म्हणजे दुसरं तिसरं काही नसून चढ जोडलेलं एसईएस आहे, आणि तो चढ सरळ रेषेच्या चढाच्या बरोबर अर्धा असतो. प्रश्न 3 च्या आकड्यांवर ताळा करून पाहा. मूळ सहा आकड्यांवर त्याच अल्फाने एसईएस चालवलं तर 112.125 येतं. त्यात अर्ध्या चढाची दुरुस्ती मिळवायची, ती अशी:

```
(b/2) * (h - 1 + (1 - (1 - α)^n) / α)
```

b हा रेषेचा चढ, n महिन्यांची संख्या, h म्हणजे किती महिने पुढचा अंदाज, आणि α म्हणजे अल्फा. b = 3, n = 6, h = 1 आणि α = 0.5 घातले की 2.95 येतं. बेरीज 115.08. उत्तर तेच.

आता अर्धाच का, हा खरा प्रश्न. थोड्या, गोंगाट असलेल्या आकड्यांवरून काढलेल्या चढावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. एक-दोन महिने इकडचे तिकडे झाले तरी तो बदलतो. शिवाय खऱ्या व्यवहारातले कल बहुधा मंदावतात. बाजार भरतो, क्षमता संपते, स्पर्धक येतो. पूर्ण चढ पुढे ओढला तर पहिल्या महिन्यात चूक छोटी दिसते, पण 18 व्या महिन्यात तीच अठरापट होते. चढ शून्य धरला तर वाढणाऱ्या धंद्यात अंदाज कायम मागे राहतो. अर्धा चढ या दोन चुकांच्या मधला आहे. तो तुमच्या श्रेणीसाठी सर्वोत्तम असेलच असं नाही, पण हजारो वेगवेगळ्या श्रेणींवर तो फारसा कुठे तोंडघशी पडत नाही. सरासरी अचूकतेवर निकाल लागतो तिथे हा गुण निर्णायक ठरतो.

डॅम्प्ड ट्रेंड ही पद्धत हेच काम वेगळ्या तऱ्हेने करते. तिथे चढ दर पावलाला थोडा थोडा कमी होत सपाट होतो. थीटात तो अर्धा होतो आणि मग तसाच चालू राहतो. म्हणून फार लांबच्या अंदाजासाठी मला डॅम्प्ड ट्रेंड जास्त सुरक्षित वाटतो.

5. हंगाम असेल तर? थीटात तर हंगामाचा उल्लेखच नाही.

हंगाम आधी काढून ठेवायचा आणि शेवटी परत लावायचा. मासिक आकड्यांत 12 महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी असलेलं सहसंबंधाचं माप तपासतात. ते पुरेसं मोठं असेल तरच हंगाम आहे असं मानतात. मग प्रत्येक महिन्याचा निर्देशांक काढून आकड्यांना त्याने भागतात. निर्देशांक 1.2 म्हणजे तो महिना सामान्यापेक्षा 20 टक्के वरचा. भागून उरलेल्या आकड्यांवर थीटा चालवायची आणि अंदाज त्या-त्या महिन्याच्या निर्देशांकाने गुणायचा.

याच रीतीने हंगाम काढून शेवटचा आकडा तसाच पुढे धरला तर त्याला नाईव्ह-2 म्हणतात. एम-4 स्पर्धेत (प्रश्न 7) सगळ्या पद्धती याच्याशी तोलल्या गेल्या.

6. संगणकावर कसं चालवू?

पायथनमध्ये statsmodels पुरतं. y ही तारखांची अनुक्रमणिका असलेली मासिक श्रेणी हवी.

```python
from statsmodels.tsa.forecasting.theta import ThetaModel
res = ThetaModel(y, period=12).fit()
print(res.summary())
print(res.forecast(6))
```

हंगामाची चाचणी आणि तो काढणं-लावणं हे आतच होतं. `summary()` मध्ये चढ आणि अल्फा दिसतात, ते न पाहता अंदाज उचलू नका. अल्फा 1 च्या जवळ असेल तर पातळी म्हणजे जवळपास शेवटचाच आकडा, अगदी लहान असेल तर जवळपास जुनी सरासरी. R वापरणाऱ्यांसाठी `forecast` पॅकेजमध्ये `thetaf()` आहे.

7. हे सगळं 2000 सालचं झालं. आता मशीन लर्निंगने हे मागे टाकलं असेल ना?

काही ठिकाणी टाकलं आहे. मात्र कुठे आणि कितीने, ते नीट पाहायला हवं.

2018 च्या एम-4 स्पर्धेत 1,00,000 श्रेणी होत्या. नाईव्ह-2 ची चूक 1 धरून सगळ्यांचे गुण लावले, कमी गुण म्हणजे चांगलं. पहिला आलेला स्लावेक स्मिल यांचा संकर 0.821 वर होता. त्यात एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग आणि न्यूरल नेटवर्क एकत्र गुंफलेलं होतं. साधी थीटा 0.897 वर होती. एसईएस, चढ पूर्णच पुढे नेणारी होल्टची पद्धत आणि डॅम्प्ड ट्रेंड या तिघांची नुसती सरासरी 0.898 वर. जी सहा मॉडेलं निव्वळ मशीन लर्निंगची होती, त्यांपैकी एकही या साध्या सरासरीला हरवू शकलं नाही आणि नाईव्ह-2 च्या पुढे फक्त एकच गेलं. म्हणजे गुंतागुंत जिंकली ती साध्या पद्धतीला पोटात घेऊन.

2020 च्या एम-5 मध्ये चित्र बदललं. वॉलमार्टच्या विक्रीच्या 42,840 एकमेकांशी जोडलेल्या श्रेणी होत्या, सोबत किमती आणि सणांची माहिती होती. तिथे लाइटजीबीएम या मशीन लर्निंगच्या साधनावर आधारलेली मॉडेलं वर आली. असंख्य श्रेणी एकत्र शिकण्याची सोय आणि बाहेरची माहिती, या दोन्ही गोष्टी थीटाकडे नाहीत. तरीही तिथला सर्वांत चांगला साधा मानदंड (तो थीटा नव्हता, खालच्या पातळीपासून बेरीज करत नेलेलं एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग होतं) 5,507 संघांपैकी फक्त 7.5 टक्के संघांनाच ओलांडता आला.

तुमच्याकडे पाच-पन्नास मासिक श्रेणी असतील आणि किंमत-सवलतीची नोंद नसेल, तर तुमची परिस्थिती एम-3 सारखी आहे. एम-5 चे निकाल दाखवून कुणी मोठी प्रणाली विकत असेल तर हा फरक त्यांच्यासमोर मांडा.

8. आमचं मॉडेल थीटापेक्षा चांगलं आहे हे कसं ठरवायचं?

एकदाच शेवटचे काही महिने झाकून तुलना करू नका, ते महिने कुणाच्या तरी नशिबाचे असतात. 36 महिन्यांचे आकडे असतील तर पहिल्या 24 वर मॉडेल बसवा आणि पुढच्या 3 महिन्यांचा अंदाज घ्या. मग एक महिना पुढे सरका, 25 वर बसवा, पुन्हा 3 महिने. असं शेवटपर्यंत केलं की 10 वेगवेगळ्या जागांवरून काढलेले अंदाज हाती येतात. थीटा, मागच्या वर्षीचा तोच महिना, डॅम्प्ड ट्रेंड आणि तुमचं मॉडेल, सगळ्यांना हीच शर्यत द्या.

मग नुसती सरासरी पाहू नका, दहापैकी किती वेळा तुमचं मॉडेल पुढे होतं तेही मोजा. सरासरीतला फायदा एकाच महिन्यातून आला असेल तर तो टिकणारा नाही.

यात एक गळती नेहमी होते. हंगामाचे निर्देशांक सगळ्या 36 महिन्यांवरून आधीच काढून ठेवले जातात आणि मग चाचणी घेतली जाते. अशाने मॉडेलला भविष्य आधीच दिसलेलं असतं. प्रत्येक पावलावर निर्देशांक नव्याने काढा. चाचणीतली अचूकता छान आणि प्रत्यक्षातली वाईट, असं झालं की पहिली शंका याच गळतीची घ्या.

9. आमच्याकडे फक्त दीड वर्षाचे आकडे आहेत. चालेल का?

हंगामाशिवाय चालेल. मासिक निर्देशांक काढायला किमान दोन पूर्ण वर्षं लागतात, आणि दोन वर्षांवरूनही ते डळमळीतच असतात. तुमच्याकडे त्याच प्रकारची इतर उत्पादनं असतील तर त्या सगळ्यांच्या एकत्रित विक्रीवरून निर्देशांक काढा आणि या उत्पादनाला लावा.

10. गणपती-दिवाळीच्या विक्रीत थीटा दर वर्षी चुकते. काय करावं?

पुण्यातून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि दोष थीटाचा नाही, इंग्रजी महिन्यांच्या चौकटीचा आहे. गणेश चतुर्थी 2022 मध्ये 31 ऑगस्टला होती. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि ती 19 सप्टेंबरला गेली. 2024 मध्ये 7 सप्टेंबर, 2025 मध्ये 27 ऑगस्ट. खव्याची, मोदकांची, सजावटीच्या सामानाची गर्दी चतुर्थीच्या आधीच्या दिवसांत असते. म्हणजे 2022 ची ही गर्दी ऑगस्टच्या खात्यात पडली आणि 2023 ची सप्टेंबरच्या.

निर्देशांक काढणाऱ्या पद्धतीला हे कळत नाही, ती वर्षांची सरासरी घेते. समजा गर्दीचा महिना सामान्याच्या 1.6 पट असतो आणि बिनगर्दीचा 1.0. चार वर्षांपैकी दोनदा गर्दी ऑगस्टमध्ये आणि दोनदा सप्टेंबरमध्ये आली, तर दोन्ही महिन्यांचा निर्देशांक साधारण 1.3 निघेल. गर्दीच्या वर्षी 1.6 ला 1.3 ने भागलं की 1.23 उरतात, कोरड्या वर्षी 0.77. हंगाम काढून टाकला म्हणून जी श्रेणी थीटाकडे जाते, तिच्यात खोटे 23 टक्क्यांचे हिसके असतात. तुमचे आकडे नेमके ऑगस्टला संपत असतील तर एसईएस तो हिसका पातळीत मुरवतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे अंदाजही वाकडे होतात. ओळखायची खूण अशी की हंगाम काढलेल्या श्रेणीच्या आलेखात दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक खड्डा आणि शेजारीच एक शिखर दिसतं, आणि त्यांची जागा अदलाबदल होत राहते.

उपाय रोजच्या नोंदी असतील तर जमतो. चतुर्थीच्या आधीचे 15 दिवस आणि उत्सवाचे दिवस वेगळे काढा. त्याच हंगामातल्या साध्या दिवसांची सरासरी विक्री धरा. उत्सवाच्या दिवसांतली त्यावरची जादा विक्री हा वेगळा ढीग. मासिक श्रेणीतून तो ढीग वजा करा आणि उरलेल्यावर थीटा चालवा. ढिगाचा अंदाज गेल्या दोन-तीन उत्सवांवरून काढा आणि या वर्षीच्या पंचांगानुसार ज्या महिन्यात जेवढे दिवस पडतात त्या प्रमाणात परत मिळवा. दिवाळीलाही हेच लागू. लक्ष्मीपूजन 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला होतं, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला.

साधारण नियम असा की सण दर वर्षी सुमारे 11 दिवस आधी सरकतात आणि अधिक महिना आला की सुमारे 19 दिवस पुढे ढकलले जातात. पुढच्या वर्षीचं पंचांग आजच हातात असतं. ही माहिती न वापरता मॉडेल बदलत राहणं मला खरोखर पटत नाही.

11. आमचा धंदा सरळ वाढतो आहे. थीटा दर वेळी कमीच का सांगते?

कारण अर्धा चढ (प्रश्न 4). श्रेणी जवळजवळ सरळ रेषेत वाढत असेल तर थीटा ठरलेल्या दिशेने चुकते आणि अंतर दर महिन्याला अर्ध्या चढाने वाढत जातं. प्रश्न 8 च्या दहा चाचण्यांत चुका जवळपास सगळ्या एकाच बाजूच्या दिसल्या तर हेच घडतं आहे. अशा वेळी थीटाचं मूल्य आकड्यांवरून ठरवणारी ऑप्टिमाइज्ड थीटा वापरा, किंवा होल्ट आणि डॅम्प्ड ट्रेंड यांची सरासरी घ्या. वाढ टक्क्यांत होत असेल तर आधी लॉग घेऊन पाहा.

12. 2020 च्या लॉकडाउनचे आकडे ठेवावेत की काढावेत?

थीटातली सरळ रेषा सगळ्या महिन्यांना सारखंच वजन देते. एप्रिल 2020 चा खड्डा श्रेणीच्या सुरुवातीला आला तर चढ खोटा वाढतो, शेवटाकडे आला तर खोटा उतार दिसतो. एसईएस पातळी लवकर सावरतं, पण चढ सावरत नाही. हेच नवा मोठा ग्राहक मिळाला किंवा दुकानासमोरचा रस्ता वर्षभर बंद राहिला तरी होतं.

तपासणी सोपी आहे. पूर्ण श्रेणीचा चढ आणि फक्त शेवटच्या 24 महिन्यांचा चढ, दोन्ही काढा. चिन्ह वेगळं निघालं किंवा एक दुसऱ्याच्या कितीतरी पट निघाला, तर जुना भाग कापा. हंगामाचे निर्देशांक मात्र जुन्या चांगल्या वर्षांवरून घेता येतात.

13. सुट्या भागांची मागणी अनेक महिने शून्य असते. तिथे?

तिथे थीटा वापरू नका. गुणाकाराचे हंगामी निर्देशांक शून्यांवर कोसळतात आणि टक्केवारीतली चूक निरर्थक होते. अशा मागणीसाठी क्रॉस्टन यांची 1972 ची पद्धत आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आहेत. त्यांत मागणीचा आकार आणि दोन मागण्यांमधलं अंतर वेगवेगळं मोजलं जातं. दुसरा मार्ग म्हणजे महिन्यांऐवजी तिमाही बेरजा करून पाहणं.

14. एक आकडा पुरत नाही. साठा ठेवण्यासाठी वरची-खालची मर्यादा कशी काढू?

सॉफ्टवेअर देतं ती मर्यादा बहुधा अरुंद असते. तिचा पाया असा की एका महिन्याच्या चुकीचा पसारा σ असेल तर h महिन्यांनंतर तो σ√(1 + (h−1)α²) होतो. α = 0.5 असताना तिसऱ्या महिन्याला हा पसारा फक्त 1.22 पट. पण यात चढ चुकीचा निघाल्याची किंवा निर्देशांक चुकल्याची शक्यता धरलेलीच नाही.

मला जास्त भरवशाचा वाटतो तो प्रश्न 8 चा मार्ग. माल यायला तीन महिने लागत असतील तर प्रत्येक चाचणीत तीन महिन्यांच्या अंदाजांची बेरीज आणि प्रत्यक्ष बेरीज यांतला फरक नोंदवा. महिन्यागणिक पसारे काढून ते जोडू नका. एका महिन्यात कमी पडलेला अंदाज पुढच्या महिन्यातही कमीच पडण्याची शक्यता असते, आणि सुटे पसारे जोडताना ही साखळी निसटते. बेरजेचे दहा फरक हाती आले की त्यांतला सर्वांत मोठा तुटवडा पाहा. राखीव साठ्याची बोलणी तिथून सुरू करता येतात.